नुस्त्याच्या डब्याचं पोषण-कार्ड : फोंड्याच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

७ जानेवारी २०२५, मंगळवार

मावशीचे डबे फोंड्याहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जातात. सध्या रोजचे वीस. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, बाकीचे चार दिवस नुस्तं म्हणजे मासे, रविवारी सुट्टी. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी एकाच आठवड्यात विचारलं. एक जिमला जाणारा पोरगा, त्याला प्रथिनं किती ते हवंय. दुसरे पन्नाशीतले, साखर आहे, त्यांना भाताचा हिशेब हवा. मावशी म्हणाली, "तू होम सायन्स शिकलीस ना गो? मग दे त्यांना लिहून."

कायद्याने आम्हाला हे बंधन नाही. मेन्यूवर कॅलरी छापायचा २०२० चा नियम केंद्रीय परवानावाल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. मावशीची शाखा एकच, आणि तिचं दार आमच्या अंगणात उघडतं. म्हणजे कार्ड आपल्या खुशीने करायचं, पण आकडा छापला की त्याला जबाबदारही आपणच.

ठरवलं की सगळे प्रकार एकदम घ्यायचे नाहीत. पहिलं कार्ड बांगड्याच्या डब्याचं : उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, तांबडी भाजी, सोलकढी. हाच डबा सगळ्यांत जास्त जातो.

८ जानेवारी

मावसभावाने रात्रीत तक्ता करून दिला. सकाळी उघडला तर एका डब्यात साडेचार हजारांच्या आसपास कॅलरी! तेवढ्या खाऊन कुंडईचे कामगार दुपारी मशीनवर उभे राहिले नसते.

चूक लगेच सापडली. आकडे त्याने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातून घेतले होते. त्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते. उकड्या तांदळापुढे १०० ग्रॅमला १४७१ लिहिलंय, ते याने सरळ कॅलरीच्या रकान्यात टाकलं. भागायला हवं होतं :

```
=D4/4.184
```

मग येतात ३५२. आपण चुकलोय का, हे ओळखायला एक सोपी पडताळणी आहे, ती मी त्याला शिकवली. प्रथिनं गुणिले ४, चरबी गुणिले ९, कर्बोदकं गुणिले ४, तंतू गुणिले २ आणि सगळ्याची बेरीज. उकड्या तांदळात प्रथिनं ७.८१, चरबी ०.५५, कर्बोदकं ७७.१६, तंतू ३.७४. बेरीज ३५२ च. जिथे ही बेरीज आणि कॅलरीचा रकाना जुळत नाही, तिथे हटकून काहीतरी गडबड असते.

दुसरं, या तक्त्यात तंतू कर्बोदकांतून वेगळे काढलेले आहेत. अमेरिकी तक्त्यांत ते कर्बोदकांतच धरलेले असतात. म्हणून एक ओळ इकडची आणि एक तिकडची असं करायचं नाही, असं त्याला बजावलं. तरी त्याने एका ठिकाणी केलंच होतं, ते पुढे कळलं.

किलोज्यूल सुधारल्यावर डबा आला १३९२ कॅलरींवर. हासुद्धा मला पटला नाही. मी स्वतः हा डबा खाते आणि चार वाजता मला पुन्हा भूक लागते.

१० जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस भाताचा. मावसभावाने डब्यातला भात मोजला २६० ग्रॅम आणि त्याला तांदळाचे ३५२ लावले. झाले ९१५. पण ३५२ हे कोरड्या तांदळाचे. शिजलेल्या भाताचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं, आणि पाण्याला कॅलरी नसते. ही चूक इतकी सहज होते की मोठ्या हॉटेलांच्या कार्डांवरही असेल तर मला नवल वाटणार नाही.

उलटीही चूक होते. इंटरनेटवरून 'शिजलेला भात' असा तयार आकडा उचलतात. पण तो कोणाचा भात? उकडा तांदूळ पाणी किती पितो, किती वेळ रटरटतो, पेज किती काढतात, हे घरोघर वेगळं. त्यामुळे आपल्याच टोपाचं वजन करण्याला पर्याय नाही.

सकाळी सहाला गेले. कोरडा तांदूळ बरोबर २००० ग्रॅम घेतला. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतच मोजतो, म्हणून भात पेज काढून निथळल्यावर दोन हप्त्यांत मोजला. भरला ५६०० ग्रॅम. म्हणजे २.८ पट. रिकाम्या भांड्यांची वजनं आधीच करून त्यांच्या बुडाला ऑइल पेंटने लिहून ठेवली, नाहीतर रोज भांडं रिकामं करून मोजायला कोण बसणार? मावशीला ते आवडलं नाही. "माझ्या लग्नातला टोप गो तो." बुडाला आहे, दिसत नाही, म्हणून सोडून दिलं.

२००० ग्रॅम तांदळाच्या सुमारे ७०३० कॅलरी ५६०० ग्रॅमांत वाटल्या, तर १०० ग्रॅम भाताला १२६ येतात. डब्यातल्या २६० ग्रॅमांना ३२६. कुठे ९१५ आणि कुठे ३२६!

१२ जानेवारी, रविवार

पण पेजेचं काय? आम्ही भात पेज काढूनच करतो. ती काका लोणच्याबरोबर पितात, डब्यात जात नाही. पेजेत जे पिठूळ उतरतं ते भातातून वजा व्हायला हवं.

काल तीन लिटरच्या वर पेज निघाली, काट्यावर ३१०० ग्रॅम. त्यातली एक किलो बाजूला ठेवली. आज सुट्टी होती म्हणून ती पसरट भांड्यात मंद आचेवर आटवली आणि शेवटी ताटात पसरून ओव्हनमध्ये शंभर अंशांवर वाळवली. दर अर्ध्या तासाने वजन करायचं, सलग दोनदा तेच आलं की पाणी संपलं असं समजायचं. ताटाला पापडासारखा चिकटलेला थर राहिला, तो २५ ग्रॅम. शंभर ग्रॅम पेज वाळवून हे जमलं नसतं. आमचा काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही आणि अडीच ग्रॅम त्याला दोन वाटले असते नाहीतर तीन.

म्हणजे सगळ्या पेजेत ७८ ग्रॅम कोरडा ऐवज. दोन किलो तांदळात पाणी सोडून १८०० ग्रॅम ऐवज धरला तर सुमारे चार टक्के. डब्यातला भात ३२६ वरून ३१३ वर आला.

एवढ्या खटाटोपातून तेरा कॅलरी हलल्या. काका म्हणाले, "म्हणजे मी फुकट पितो ती एवढीच?" पण आता निदान माहीत आहे की पेजेची बाब लहान आहे, पुन्हा तिच्यामागे लागायचं कारण नाही.

१५ जानेवारी, बुधवार

बांगडा. इथेच मावसभावाने अमेरिकी तक्त्यातली ओळ घेतली होती. 'मॅकेरल' शोधलं, पहिलं आलं ते टिपलं : १०० ग्रॅमला २०५ कॅलरी, चरबी जवळजवळ १४ ग्रॅम. तो अटलांटिक महासागरातला मासा, थंड पाण्यातला, तेलकट. नाव एक असलं तरी आपल्या बाजारातला बांगडा वेगळ्या जातीचा. पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात त्याला १०० ग्रॅमला ९३ कॅलरी दिल्यात, प्रथिनं १८.९ आणि चरबी फक्त १.७.

गंमत अशी की दोन्ही माशांची प्रथिनं जवळपास सारखी आहेत, तिकडच्यात १८.६. सगळा फरक चरबीत. म्हणजे जिमवाल्या पोराने फक्त प्रथिनं पाहिली असती, तर चूक त्याला कधीच दिसली नसती.

बांगड्याची चरबी वर्षभर सारखी नसते हे खरं. हंगामाप्रमाणे मासा बारीक होतो, भरतो, आणि मावशी तो हातात घेऊनच सांगते की आज चांगला आहे. तेव्हा १.७ हा आकडा रोजचा म्हणता येणार नाही. पण चौदापेक्षा तो कितीतरी जवळचा.

आता वजन. वीस बांगडे, बाजारातून आणले तसे २९०० ग्रॅम. डोकी, पोटातली घाण, शेपट्या काढल्यावर १९०० ग्रॅम. म्हणजे डब्यामागे ९५ ग्रॅम. पण पुस्तकातला आकडा खाण्याजोग्या भागाचा असतो आणि आपल्या तुकड्यांत काटा असतोच. म्हणून मी आज माझ्या वाटणीच्या बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला काढून, धुऊन, टिपून मोजले. बारा ग्रॅम. काट्यावर काटे ठेवलेले पाहून मावशीला हसू आवरेना.

एका माशावरून सगळ्यांचं ठरवणं बरोबर नाही, म्हणून घरातल्या आणखी तिघांचे काटे मोजले. अकरा, बारा, चौदा. बारा धरले. राहिले ८३ ग्रॅम : ७७ कॅलरी, प्रथिनं १५.७. अटलांटिकच्या हिशेबाने याच तुकड्यांना १७० लागल्या होत्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

नारळाला दोन दिवस द्यावे लागणार हे आधीपासून ठाऊक होतं. आज हुमणातला.

मावशीची कृती 'अडीच नारळ' अशी आहे. पाच नारळ फोडून, खवून मोजले तर एकेकाचं खोबरं २१० पासून ३३० ग्रॅमपर्यंत. अडीच नारळ म्हणजे सव्वापाचशे ग्रॅमही होतात आणि सव्वाआठशेही. ओल्या खोबऱ्यात चाळीस टक्क्यांच्या वर चरबी, १०० ग्रॅमला २०१७ च्या तक्त्याप्रमाणे सुमारे ४०९ कॅलरी. तीनशे ग्रॅमचा फरक म्हणजे टोपात बाराशे कॅलरींचा फरक. भाताच्या पेजेवर रविवार घालवला त्यापेक्षा हे कितीतरी मोठं.

तेव्हा आजपासून नारळ मोजायचे नाहीत, खवलेलं खोबरं मोजायचं. हुमणाला ७०० ग्रॅम. मावशीचं म्हणणं, "मोठा नारळ कोणता आणि किती घालायचा ते मला हाताला कळतं." कळतही असेल, कारण तिचा रस रोज सारखाच दाट होतो. पण माझ्या तक्त्याला हात नाहीत.

मावशी वाटण गाळत नाही. खोबरं, मिरच्या, धणे, हळद एकदम बारीक वाटून सगळंच टोपात जातं, मग तेफळं आणि आमसुलं. वरून तेलही नाही. त्यामुळे हुमणाचा हिशेब सरळ. खोबऱ्याच्या सुमारे २८६० कॅलरी, कांदा आणि मसाल्याच्या मिळून तीनशे धरल्या. रस, तुकडे वगळून, ४४०० ग्रॅम भरला. डब्यात २०० ग्रॅम जातो असं धरलं तर १४४ कॅलरी आणि चरबी पावणेचौदा ग्रॅम. डब्यातल्या एकूण चरबीतली निम्म्याहून जास्त या रसात आहे. माशाचं नाव उगाच खराब.

१९ जानेवारी, रविवार

सोलकढीचं दुखणं वेगळं. तिच्यात खोबरं वाटून, पिळून दूध घेतात आणि चोथा टाकतात. मावसभावाने सगळ्या खोबऱ्याच्या कॅलरी धरल्या होत्या, डब्यामागे ८२. पण चोथ्यात किती राहिलं? पुस्तकातला नारळाच्या दुधाचा आकडा इथे लागू पडत नाही, कारण तो दाट दुधाचा, आणि मावशी दोनदा पाणी घालून पिळते.

काल वीस डब्यांच्या सोलकढीला ४०० ग्रॅम खोबरं घेतलं. त्याच खोबऱ्यातून वेगळे ५० ग्रॅम ठेवले. पिळून झाल्यावर सगळा चोथा फ्रिजमध्ये. आज दोन्ही वेगवेगळ्या ताटांत पसरून ओव्हनमध्ये शंभर अंशांवर वाळवले. पाणी जातं, चरबी जागेवर राहते. घरभर खोबऱ्याच्या वड्यांचा वास, आणि वडी एकही नाही.

पन्नास ग्रॅम खोबरं वाळून ३१ ग्रॅम झालं. म्हणजे ४०० ग्रॅमात कोरडा ऐवज २४८. चोथा वाळून भरला १४० ग्रॅम. मधले १०८ ग्रॅम दुधातून सोलकढीत गेले.

हे १०८ ग्रॅम कसले? तंतू जवळजवळ सगळे चोथ्यातच राहतात, खोबऱ्यातले तंतू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. साखर बहुतेक उतरते, प्रथिनांतली निम्म्याच्या आसपास, थोडे क्षार. त्यांना मिळून मी ३४ ग्रॅम दिले, उरलेले ७४ चरबीचे. इथे माझा अंदाज आहे हे मान्य. पण यात पाचसहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी डब्यामागे दोन कॅलरींच्या वर फरक पडत नाही. वीस वाट्यांत वाटलं तर वाटीला चरबी ३.७ ग्रॅम आणि कॅलरी ४०. खोबऱ्यातल्या ऐवजापैकी निम्म्याहून जास्त चोथ्याबरोबर गेला होता.

चोथा हाताने चोळला तर अजून तेल लागतं बोटांना. मावशीने तो वाळलेला पाहून चटणीला मागितला. दिला.

२२ जानेवारी

तांबड्या भाजीचं फार काही नाही. फक्त तेल. 'दोन पळ्या' म्हणजे किती, हे पळी मोजून कळत नाही, कारण मावशी पळी कधी पूर्ण भरते, कधी नाही, आणि वरून एक धार सोडते ती धरतच नाही. म्हणून तेलाची बाटली फोडणीआधी आणि नंतर काट्यावर ठेवली. तीन दिवसांत ४१, ४७, ४६ ग्रॅम. ४५ धरले. पाला, कांदा, शंभर ग्रॅम खोबरं आणि तेल मिळून डब्यामागे ८१ कॅलरी.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजवरची बेरीज : भात ३१३, हुमणाचा रस १४४, बांगडा ७७, भाजी ८१, सोलकढी ४०. एकूण ६५५ कॅलरी. प्रथिनं साडेएकोणतीस ग्रॅम, चरबी २४, कर्बोदकं ७९. वर चार-नऊ-चारची बेरीज करून पाहिली, ६५० येते. जुळलं. १३९२ वरून इथवर आलो.

खूश होऊन कार्ड छापायला टाकणार होते. पण त्याआधी भरलेले दहा डबे, मावशीला न सांगता, झाकण लावायच्या आत एकेक कप्पा काढून काट्यावर ठेवले.

भात २२५ ते ३१० ग्रॅम. रस १६५ ते २४५. मी धरलेले २६० आणि २०० हे सरासरीला ठीक होते, पण एकेका डब्याला नव्हते. कमी भात आणि कमी रस असलेला डबा ५८८ कॅलरींचा, दोन्ही जास्त असलेला ७४७ चा. म्हणजे मी एक रविवार ओव्हनपुढे बसून तेरा कॅलरी शोधत होते आणि इथे डावाच्या एका झटक्यात दीडशे हलत होत्या.

२५ जानेवारी

मावशीला सांगितलं. ती जराही ओशाळली नाही. जास्त भाताचे डबे चुकून भरलेले नव्हतेच. वेल्डिंगवाले दोघे आहेत, सकाळी सहाला घर सोडतात, त्यांना ती जाणून जास्त घालते. साखरवाल्यांना जाणून कमी. "कोणाला किती लागतं ते मला माहीत नाही काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या हिशेबात चूक नव्हती. चूक अशी की तो हिशेब कार्डावर मावत नव्हता. शेवटी असं ठरलं : डब्यात सगळ्यांना सारखंच. ज्यांना जास्त लागतं त्यांना वर वेगळ्या लहान डब्यात १०० ग्रॅम भात, त्याच्या १२० कॅलरी कार्डावर वेगळ्या. आणि साखरवाल्यांसाठी 'अर्धा भात' असा उघड पर्याय, १३० ग्रॅमांचा. त्यात कॅलरी ५०० च्या आसपास आणि कर्बोदकं ७९ ऐवजी ४४. जे मावशी गुपचूप करत होती, ते आता मागून घेता येईल.

२९ जानेवारी, बुधवार

बोहारणीकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेली एक स्टीलची वाटी सापडली. काठोकाठ भरून हाताने सपाट केली की तिच्यात २६० ग्रॅमच्या आसपास भात बसतो. दाबायचा नाही, दाबला की तीनशेवर जातो. रसासाठी डाव बदलला. जुना खोलगट, त्यात कधी शंभर तर कधी एकशेतीस. नवा १०० ग्रॅमचा, दोनदा घालायचा. पहिल्या डावाआधी टोप बुडापासून ढवळायचा, नाहीतर पहिल्या डब्यांना पाणी आणि शेवटच्यांना खोबरं.

पुन्हा दहा डबे मोजले. भात २५० ते २७२, रस १९० ते २१२. सगळे डबे ६३५ ते ६८० च्या आत. पहिल्या दिवशी वेळ जास्त लागला, गाडी दहा मिनिटं थांबली. चालक बोलला नाही, पण त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

२ फेब्रुवारी, रविवार

कार्डाचा मजकूर. मावसभावाला ६५५ छापायचं होतं, "एवढं मोजलंय तर दाखवू दे ना." पण ६५५ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, ६५० आणि ६६० यांतला फरक आम्हाला कळतो. तो आम्हाला कळत नाही. 'सुमारे ६५०' लिहिलं.

प्रथिनांवर मावशी अडली. "तीस लिही, साडेएकोणतीस तर आहेत." मी नाही म्हटलं, कारण ते बांगडा ९५ ग्रॅमचा असेल तर. लहान बांगडे आले आणि साफ करून ७० ग्रॅमच राहिले, तर माशातूनच चार ग्रॅम कमी होतात. शेवटी असं लिहिलं :

बांगड्याचा डबा. भात २६० ग्रॅम, हुमणाचा रस २०० ग्रॅम, एक बांगडा, तांबडी भाजी, सोलकढी एक वाटी.
ऊर्जा सुमारे ६५० कॅलरी. प्रथिनं २५ ते ३० ग्रॅम. चरबी सुमारे २५ ग्रॅम, बरीचशी ओल्या नारळाची. कर्बोदकं सुमारे ८० ग्रॅम, बहुतेक भाताची.
अर्धा भात घेतल्यास सुमारे ५०० कॅलरी, कर्बोदकं सुमारे ४५ ग्रॅम.
जादा भाताच्या डब्यात आणखी सुमारे १२० कॅलरी.
आकडे आमच्याच स्वयंपाकघरात वजन करून काढलेले आहेत. प्रयोगशाळेतली तपासणी नाही.

शेवटची ओळ मावसभावाला नको होती. ठेवली. मिठाचा आकडा छापलेला नाही. मीठ मावशी मुठीने घालते आणि ते अजून काट्यावर आलेलं नाही. ज्यांना रक्तदाबासाठी विचारायचं आहे त्यांना तोंडी सांगायचं की मोजलेलं नाही. तळलेल्या तुकडीच्या डब्याला हे कार्ड लावायचं नाही, त्यात रव्याने प्यायलेलं तेल आहे आणि ते वेगळं काढावं लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

कार्डं काल गेली. जिमवाल्याचा निरोप आला, दोन बांगड्यांचा डबा मिळेल का आणि कितीला. साखरवाल्यांनी अर्धा भात सांगितला, पण सोलकढी दोन वाट्या द्या म्हणाले. आणखी तिघांनी अर्धा भात सांगितला, त्यांतला एक वेल्डिंगवाला. मावशीला ते लागलं. आज त्याच्या डब्यात तिने भाजी थोडी जास्त घातली, मी पाहिलं आणि काट्याकडे वळले नाही.

आज बाजारात बांगडे लहान होते. वीस बांगडे साफ करून १४०० ग्रॅमच भरले. डब्यामागे ७०. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग काकांना परत बाजारात पाठवलं, आणखी सात आणायला. कापताना हिशेब जुळवला, कोणाला एक, कोणाला सव्वा, कोणाला दीड, पण प्रत्येक डब्यात तुकडे काट्यावर ठेवून. दुपारी भिंतीवरच्या फळ्यावर, गॅसच्या नंबराखाली, तिच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'बांगडो साफ करून १९००. नारळ ७००+४००+१००. वाटी दाबची न्हय.'